फंडाची सर्वात मोठी घसरण: आपल्याला कितीची झेपेल?

*"दापोली तालुक्यात कलमं आणि थोडं आगर आहे. जमिनीचा एक तुकडा विकून १२ लाख आले आहेत. मुलगी सहावीत आहे, पैसे तिच्या बारावीनंतर लागतील. दोन फंड बघून ठेवलेत. 'अ' हायब्रिड, २०१६ पासूनचा, स्टँडर्ड डेव्हिएशन ९, मॅक्सिमम ड्रॉडाउन २६ टक्के. 'ब' फ्लेक्सीकॅप, जुना, स्टँडर्ड डेव्हिएशन १४, ड्रॉडाउन ५८ टक्के. २० टक्के घसरण मी सहन करू शकतो. 'अ' त्याच्या जवळ आहे, तर सगळे त्यात टाकू का?"*

नमस्कार. सगळे टाकू नका. तुम्ही आकडे बघूनच प्रश्न विचारलात, हे फार चांगलं केलंत. पण तुमचे २६ आणि ५८ हे दोन वेगवेगळ्या संकटांतले आकडे आहेत, ते शेजारी ठेवून तुलना होत नाही. आणि २० टक्के हा जो आकडा तुम्ही लिहिलात, तो अजून टक्क्यांतच आहे. त्याचे रुपये केले आणि तुमच्या बागेच्या हिशेबात बसवले, तरच तो खरा की खोटा ते कळेल. मी चिपळुणात वीस-बावीस वर्षं लोकांच्या गुंतवणुकी सांभाळतो आहे. जसं मी गिऱ्हाइकासमोर वही उघडून करतो, तसंच इथे मांडतो.

आधी २६ विरुद्ध ५८. मॅक्सिमम ड्रॉडाउन म्हणजे फंडाच्या एखाद्या शिखरापासून पुढच्या सर्वात खोल तळापर्यंतची घसरण. पण ती फंड जितकी वर्षं जगला, तेवढ्याच वर्षांतली असते. निफ्टी ८ जानेवारी २००८ ला ६२८७ वर बंद झाला आणि २७ ऑक्टोबर २००८ ला २५२४ वर. म्हणजे साठ टक्के साफ. 'ब'ने ते वर्ष पाहिलं आहे, त्याचे ५८ तिथले आहेत. 'अ' तेव्हा जन्मालाच आला नव्हता. त्याने पाहिलेली मोठी पडझड एकच, २०२० ची. त्या वेळी निफ्टी १४ जानेवारीच्या १२३६२ वरून २३ मार्चला ७६१० वर आला, साधारण ३८ टक्के. 'अ'चे २६ म्हणजे त्या ३८ मधला त्याचा वाटा. २००८ सारखं काही आलं तर तो किती पडेल, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्या बाजारपेठेत दुकानदारांनी भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवली होती. माझ्या गाळ्यातही होती. माल त्या रेघेच्या वर मांडायचा, कपाटं त्या हिशेबाने करायची, असा सगळ्यांचा शिरस्ता. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या रेघेच्या वर गेलं आणि रेघेच्या वर मांडलेला मालही भिजला. त्यात माझ्या कागदपत्रांची दोन कपाटं होती. ड्रॉडाउनचा आकडा ही अशीच रेघ आहे. पाणी कमीत कमी इथवर येऊ शकतं, एवढंच ती सांगते. आणि ज्या घराच्या भिंतीवर रेघच नाही, ते घर २००५ नंतर बांधलेलंही असू शकतं.

म्हणून तुलना करायची ती एकाच संकटातली. 'ब' २०२० मध्ये किती पडला ते काढा. साइटवर तयार मिळेलच असं नाही, पण स्वतः काढायला अर्धा तास लागतो. अ‍ॅम्फीच्या amfiindia.com या संकेतस्थळावर योजनांच्या जुन्या एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे त्या-त्या दिवसाचे भाव, मिळतात. त्या स्प्रेडशीटमध्ये घ्या, जुनी तारीख वर आणि नवी खाली. `A` रकान्यात तारीख, `B` मध्ये एनएव्ही. मग:

```
C2:  =MAX(B$2:B2)
D2:  =B2/C2-1
```

ही दोन सूत्रं खालपर्यंत ओढा. `C` मध्ये त्या दिवसापर्यंतचं शिखर येतं, `D` मध्ये शिखरापासून आपण किती खाली आहोत ते. `=MIN(D:D)` म्हणजे आजवरची सर्वात मोठी घसरण. फक्त २०२० हवं असेल तर `D` मधल्या त्या वर्षाच्या ओळींचा किमान आकडा बघा.

इथे लोक तीन ठिकाणी फसतात. पहिलं, ग्रोथ पर्यायाचीच एनएव्ही घ्या. लाभांश वाटणाऱ्या पर्यायात वाटपाच्या दिवशी एनएव्ही आपोआप उतरते आणि ती उतरण घसरणीत धरली जाते. दुसरं, डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाले. फंड पंचवीस वर्षांचा असला तरी डायरेक्टच्या नोंदीत २००८ सापडणार नाही. जुना काळ बघायला रेग्युलर ग्रोथची नोंद काढा, मग पैसे हवे तर डायरेक्टमध्ये घाला. तिसरं, रोजच्या एनएव्ही घ्या, महिनाअखेरच्या नको. निफ्टीचंच बघा. ३१ डिसेंबर २०१९ ला १२१६८, ३१ मार्च २०२० ला ८५९८. महिनाअखेरच्या आकड्यांवर घसरण दिसते २९ टक्के, रोजच्या आकड्यांवर ३८. तळ २३ तारखेला होऊन गेला होता, महिनाअखेरीला तो पुसला गेला. तुमची झोप मात्र २३ तारखेलाच उडते. एखाद्या साइटवरचा आकडा फार सौम्य वाटला तर आधी हेच तपासा.

जुन्या फंडांबाबत आणखी एक. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये योजनांचे वर्ग ठरवून दिले आणि पुढच्या काही महिन्यांत अनेक फंडांची नावं आणि धोरणं बदलली. फ्लेक्सीकॅप हा वर्ग तर नोव्हेंबर २०२० चा. त्यामुळे 'ब'ची २००८ ची नोंद बघताना तो तेव्हा साधारण असेच शेअर घेत होता की दुसरंच काही करत होता, हे जुन्या फॅक्टशीटमध्ये पाहून घ्या.

आता धरू की 'ब' २०२० मध्ये ३७ टक्के पडला. मोठ्या कंपन्यांच्या शेअरांवर भर असलेला फंड त्या वेळी साधारण एवढाच पडायचा, पण तुमचा खरा आकडा काढून इथे बसवा. 'अ' पडला २६. म्हणजे एकाच पुरात 'अ'चं पाणी 'ब'च्या सत्तर टक्के. तोच हिशेब २००८ ला लावला तर ५८ च्या सत्तर टक्के, म्हणजे ४१.

स्टँडर्ड डेव्हिएशनचा खरा उपयोग इथे आहे, आणि बहुतेक लोक तो करत नाहीत. फॅक्टशीटमधला हा आकडा बहुधा मागच्या तीन वर्षांच्या परताव्यांवरून काढून वर्षाला बसवलेला असतो. परतावा सरासरीच्या वर-खाली किती हलतो, ते तो सांगतो. १४ आणि सरासरी परतावा १२ असेल, तर पुस्तकाप्रमाणे तीनपैकी दोन वर्षं परतावा उणे २ ते अधिक २६ च्या आत राहील, आणि फारच वाईट वर्षी उणे १६. हे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण २०२० मध्ये सव्वादोन महिन्यांत बाजार ३८ टक्के खाली आला. कारण पुस्तकातला हिशेब असं धरतो की आजच्या पडण्याचा उद्याच्या पडण्याशी संबंध नाही. मोठ्या पडझडीत तसं नसतं. एकाने विकलं की भाव उतरतो, उतरलेल्या भावामुळे उधारीवर शेअर घेतलेल्याला विकावं लागतं, त्याने आणखी उतरतो. शिवाय अस्थिरता स्वतःच बदलते. शांत तीन वर्षांत मोजलेला ९ हा शांत समुद्राचा ९ आहे, तोच फंड मार्च २०२० धरून मोजलात तर आकडा बराच मोठा येईल.

म्हणून एकट्या ९ वरून 'किती पडेल' हे काढू नका. पण त्याच तीन वर्षांत 'अ'चे ९ आणि 'ब'चे १४, हे गुणोत्तर कामाचं आहे, कारण दोघे एकाच पाण्यात होते. ९ भागिले १४ म्हणजे ०.६४. 'ब'च्या ५८ ला ०.६४ ने गुणलं तर ३७. वर २०२० वरून ४१ आले होते. तिसरी पडताळणी फंडाच्या धोरणावरून करा, 'अ' अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड आहे असं धरून. अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिडमध्ये ६५ ते ८० टक्के शेअर असतात, आणि शेअर साठ टक्के पडले तर किमान ६५ च्या साठ टक्के, म्हणजे ३९. तीन वाटांनी गेलो आणि ३७, ३९, ४१ असे आकडे आले. ते इतके जवळ आले की मी विश्वास ठेवतो. मी 'अ' साठी ४० धरेन, २६ नव्हे. हे तिन्ही आकडे फार लांब-लांब आले असते, तर समजायचं की फंडात असं काहीतरी आहे जे आपल्याला दिसत नाही, आणि तो बाजूला ठेवायचा.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. डेट फंडात कमी दर्जाचे रोखे असतील तर त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन दीड-दोन दिसतं आणि एखादी कंपनी बुडाली की एका दिवसात एनएव्हीचा मोठा तुकडा जातो. गुणोत्तराला ते आधी कळत नाही, तिथे रोख्यांची यादीच वाचावी लागते. स्मॉलकॅपमध्ये घसरणीची चालही वेगळी असते. निफ्टी स्मॉलकॅप १०० जानेवारी २०१८ पासून मार्च २०२० पर्यंत साठ टक्क्यांहून जास्त पडला, आणि त्यातली पहिली दोन वर्षं हळूहळू. असं झिरपत जाणारं नुकसान, माझ्या पाहण्यात, एकदम पडण्यापेक्षा जास्त लोकांना पळवून लावतं.

वेळेचं असं आहे. २००८ चं शिखर निफ्टीने २०१० च्या दिवाळीत, ५ नोव्हेंबरच्या मुहूर्ताच्या व्यवहारात पार केलं. पण टिकलं नाही, डिसेंबर २०११ मध्ये पुन्हा ४५४४ पर्यंत आला, आणि परत त्या जागी आला तो २०१३ च्या दिवाळीला. जवळजवळ सहा वर्षं. तुमच्या मुलीच्या बारावीला सहाच वर्षं आहेत. २०२० चं शिखर मात्र दहा महिन्यांत भरून आलं. यातलं तुमच्या वाट्याला कोणतं येईल ते कोणालाच माहीत नाही, म्हणून `D` रकान्यात खोलीबरोबर लांबीही बघा. शून्याखाली सलग किती महिने गेले?

आता तुमचे २० टक्के. १२ लाखांचे २० टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. आणि घसरण शिखरापासून मोजतात, तुम्ही घातलेल्या रकमेपासून नव्हे. चार वर्षांनी १२ चे १७ झाले असतील, तर २० टक्के म्हणजे ३ लाख ४० हजार, तेही बारावीला दोन वर्षं उरलेली असताना. ती रक्कम डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडे पेटीचा सरासरी भाव काय पडतो ते तुम्हालाच माहीत, त्या भावाने किती पेट्या झाल्या ते मोजा. माझ्याकडे बागायतदार येतात तेव्हा मी टक्के बोलतच नाही, पेट्याच बोलतो. आकडा लगेच अंगावर येतो.

खरं सांगायचं तर माणूस घाबरून विकतो त्यापेक्षा गरजेपोटी विकतो. हे मी एका गिऱ्हाइकाकडून शिकलो. बागायतदारच, दाभोळकडचे. मी फॉर्म भरून घेतला होता, '३० टक्के घसरण चालेल' यावर त्यांनी खूण केली होती, आणि ती खूण प्रामाणिक होती. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आंबा काढणीला आलेला, गाड्या बंद, वाशीचा व्यापारी माल घेईना, फवारणीची उधारी चुकवायची, गड्यांचे पैसे द्यायचे. म्हणाले, "भाऊ, भीती नाही वाटत मला. पैसे हवेत." फंड तेव्हा तळाशी होता. त्यांनी निम्मे युनिट विकले. पुढे ३ जूनला निसर्ग वादळ आलं, त्यात आगरातल्या पोफळी आडव्या झाल्या, उरलेले युनिटही गेले. चूक माझी होती. मी त्यांची सहनशक्ती विचारली, पण बागेचं उत्पन्न आणि बाजार एकाच वर्षी पडले तर काय, हे विचारलं नाही. नोकरदाराला पगार येत असतो, तो ३० टक्के बघत बसू शकतो. आपल्याकडे हंगाम एकच, आणि तोच गेला तर फंडाची घसरण आणि घरखर्च एकमेकांवर येऊन आदळतात.

म्हणून आधी एक पूर्ण वर्षाचा बागेचा खर्च (खत, फवारणी, राखण, मजुरी, पेट्या) आणि घरखर्च बँकेत एफडीला ठेवा. या १२ लाखांशी त्याचा संबंध नको. तो नसेल तर १२ मधूनच वेगळा काढा आणि पुढचा हिशेब उरलेल्या रकमेवर करा.

तो वेगळा आहे असं धरून पुढे जातो. झेपणारी घसरण २ लाख ४० हजार. 'ब' ५८ पडतो, पण पुराच्या रेघेवर थोडी जागा सोडून ६० धरू. २.४ भागिले ०.६० म्हणजे ४ लाख. म्हणजे 'ब'मध्ये ४ लाख, बाकी ८ लाख एफडी किंवा लिक्विड फंडात. २००८ आलं तर एकूण २ लाख ४० हजार खाली, २०२० सारखं आलं तर साधारण दीड लाख. 'अ' घ्यायचा असेल तर २.४ भागिले ०.४० म्हणजे ६ लाख, बाकी ६ एफडीत. सगळे १२ लाख 'अ'मध्ये घातलेत तर २००८ सारख्या वर्षी ४ लाख ८० हजार खाली, तुम्ही सांगितलेल्याच्या बरोबर दुप्पट. म्हणजे 'अ' की 'ब' यापेक्षा कोणत्यात किती, यावर तुमची झोप अवलंबून आहे. एकाच फंडात सगळे ठेवायचेच असतील, तर १० ते २५ टक्के शेअर असणारा कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड हा वर्ग तुमच्या आकड्याला बसतो. फक्त त्याचे रोखे चांगल्या दर्जाचे आहेत ना, ते वर म्हटल्याप्रमाणे वाचा.

माझा कल ४ आणि ८ कडे आहे. कारण वाईट हंगामात पैसे लागले तर तुम्ही एफडी मोडाल आणि पडलेल्या शेअरांना हात लावणार नाही. हायब्रिडमधून काढलेत तर पडलेले शेअर आणि रोखे दोन्ही त्याच प्रमाणात विकले जातात. पण हे स्वभावावरही आहे. काहींना ४ लाखांचे १ लाख ६० हजार झालेले खात्यात बघवत नाहीत, बाजूला ८ लाख सुरक्षित असले तरी. अशा माणसाला एकत्र दिसणारा 'अ' बरा. घरात पैशांचं कोण बघतं, आणि वहिनी ते स्टेटमेंट उघडतात का, हेही विचारात घ्या. दाभोळच्या घरात दुसरी विक्री वहिनींच्या आग्रहाने झाली होती, आणि त्यांना आधी कोणीच काही समजावलं नव्हतं.

ठरवल्यावर वर्षातून एकदा बघायचं. हंगामाचा हिशेब मिटला की, जूनमध्ये. शेअरांचा वाटा एक तृतीयांशवर आणायचा. बाजार चढला तर ४ चे ७ होतात आणि तुमच्या नकळत झेपणारी घसरण ओलांडली जाते, म्हणून वरचे काढून एफडीत. मुलगी दहावीला गेली की वाटा आणखी खाली आणायला लागा. २००८ नंतरची सहा वर्षं लक्षात ठेवली तर बारावीच्या वर्षी शेअरांत काही उरलेलं नसावं.

तुम्ही वर्षाच्या बागखर्चाचा आकडा लिहिलेला नाही, आणि त्यासाठीचे पैसे वेगळे आहेत की याच १२ लाखांत, तेही नाही. 'ब'ची २०२० ची घसरण `D` रकान्यातून काढून तारखेसह इथे लिहा आणि बागखर्चाचा आकडाही द्या. ४ लाखच ठेवायचे की ३, ते त्यावर ठरेल.